ढोलात घातलेली जर्सी

विश्रामबागेतल्या त्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला लागून, कपडे धुण्याची मोठी खोली होती. त्या खोलीत गेल्या वर्षी एक ढोल आला होता. कागदोपत्री त्याचं नाव काहीही असो, तिथं काम करणारी सगळी त्याला ढोलच म्हणायची. आत भोकाभोकांचं मोठं पिंप, पुढून गोल काचेचं दार आणि मागून बॉयलरच्या वाफेवर तापलेली हवा. ओल्या चादरी आत टाकायच्या, कळ दाबायची, की पिंप गरगर फिरायला लागायचं. चादरी वर जायच्या, वरून धपकन खाली पडायच्या, परत वर जायच्या. बाहेर आठ दिवस सूर्याचं तोंड दिसलेलं नसलं तरी इथं तासाभरात कपडा कडकडीत वाळायचा. पंचाहत्तर सालच्या सांगलीत ही नवलाईच होती. मुकादम आकारामतात्या तर आल्या-गेल्याला आपल्या पोराचं लग्न ठरल्याच्या तोऱ्यात ढोल दाखवायचे.

बनुबाई त्या खोलीत बरीच वर्षं होती. माहेरची कडेगावकडची, उसाच्या पट्ट्यातली, अंगानं दणकट आणि बोलायला कमी. तिच्या हातून रोज एवढा कपडा जायचा की डोळे झाकून नुसतं चाचपलं तरी कुठल्या वॉर्डातली चादर ते तिनं सांगावं. दवाखान्याची एक रीत होती. कपडा वेगळा करायचा तो वॉर्डाप्रमाणं. साथीच्या रोग्यांचा निराळा, बाळंतिणींचा निराळा, बाकीचा निराळा. कपडा कशाचा आहे हे कुणी बघायचंच नाही, कारण बघण्यासारखं काही नव्हतंच. चादर सुती, उशीची खोळ सुती, रोग्याचा अंगरखा सुती. लाल ब्लँकेटं तेवढी लोकरीची, पण ती कधीमधी नुसती उन्हात टाकली जायची. पाण्यात घालायचा कुणी विचारही करत नसे.

त्या श्रावणात बनुबाईचा नवराच पुरुषांच्या वॉर्डात येऊन पडला. मानसिंग मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीजवळचा. पलटणीत नोकरी करून निवृत्त झाला आणि सांगलीत हळदीच्या गोदामावर राखणीला लागला. पावसात भिजून त्याला न्युमोनिया झाला. चार दिवस नुसता धापत होता. पाचव्या दिवशी ताप उतरला, दरदरून घाम आला, आणि त्यातच औषध उलटून सगळं अंगावर झालं. अंगावर होती जर्सी.

आता ही जर्सी कुणाची ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया. राखाडी रंगाची, हातानं विणलेली, गळ्याला आणि हाताला निळा काठ. ती विणली होती तानूबाईनं, मानसिंगच्या पहिल्या बायकोनं. बेळगावला लष्करी चाळीत नवऱ्याजवळ ती वर्षभर राहिली, तेव्हा शेजारच्या हवालदाराच्या बायकोकडून विणकाम शिकली आणि हे एवढंच विणलं. पोटात तेव्हा चंद्रा होती. चंद्रा चालायला लागली आणि तानूबाई तापानं गेली. फोटो कधी काढला नव्हता. दागिने सासूनं मोडले, लुगडी भावकीनं वाटून घेतली. तिच्या हातची म्हणून जगात ही एक जर्सी उरली.

चंद्रा आजीपाशी माणातच वाढली. सुट्टीला सांगलीला आली की बापाची जर्सी मांडीवर घेऊन बसायची, तिचे टाके बोटांनी मोजायची, नाक खुपसायची. बनुबाई तिच्या आयुष्यात आली तेव्हा पोरगी आठ-नऊ वर्षांची होती. तिनं बनुबाईला मावशी म्हटलं आणि हातभर अंतर राखलं. ते अंतर कमी करायला बनुबाईला किती वर्षं लागली ते तिचं तिलाच ठाऊक. सावत्र आईनं तुपात घास भिजवला तरी लोक त्याला तेलाचा वास येतो का बघतात. म्हणून बनुबाई त्या जर्सीला फार जपायची. दर दिवाळीच्या आधी रिठ्याच्या गार पाण्यात हलकेच दाबून काढायची आणि बाजेवर पसरून सावलीला वाळवायची. पोरीनं ते पाहिलं होतं. लग्न होऊन सासरी गेल्यापासून तर चंद्रा मावशीशी जरा मोकळं बोलायला लागली होती, पदराला धरून हसायला लागली होती. बनुबाईला स्वतःचं मूल झालं नाही. तिला हे एवढंच मिळालं होतं आणि तेवढ्यावर ती खूश होती.

तर त्या दिवशी मानसिंग खाटेवर कुडकुडत म्हणाला, "बनू, जर्सी तेवढी दे गं. छातीत गार वारं शिरतंया."

"घान झालीया सगळी. धुवून आनते."

"ह्या झडीत वाळंल कवा?"

"सांजच्याला तुमच्या अंगावर असंल," बनुबाई म्हणाली. ढोलाचा तिला भरवसाच तेवढा होता.

तिनं मानसिंगचे सगळेच मळके कपडे गोळा केले. नवा सुती सदरा, टेरिलिनची विजार, नायलॉनचे मोजे, दुखऱ्या गुडघ्याला चढवायची रबरी धाग्याची पट्टी आणि जर्सी. सगळं पुरुषांच्या वॉर्डातलं, म्हणजे दवाखान्याच्या रीतीप्रमाणं एकाच गठ्ठ्यातलं. साबणाच्या पाण्यातून काढलं, पाणी पिळायच्या यंत्रात फिरवलं आणि ढोलासमोर आणलं.

तिच्या मनात शंका आली नाही असं नाही. जर्सी हातात धरून ती क्षणभर थांबली. पण तिच्यापाशी रोजच्या कामाचा एक आडाखा होता, आणि तोच तिला नडला. कोऱ्या चादरी पहिल्यांदा ढोलातून निघाल्या की चांगल्या वीतभर आखूड व्हायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आणखी चिमूटभर. मग मात्र जन्मभर तेवढ्याच राहायच्या. नवा कपडा आटतो, जुना आटत नाही, हे तिनं हजार वेळा पाहिलेलं. जर्सी वीस वर्षांची, कितीतरी पाण्यांतून निघालेली. जे काय आटायचं ते केव्हाच आटून झालं असणार. तिनं गठ्ठा आत लोटला, दार लावलं, कळ दाबली आणि मानसिंगला पेज भरवायला वॉर्डात गेली.

परत यायला उशीर झाला. मानसिंगला ठसका लागला, पाठ चोळावी लागली. ढोल आपोआप थांबून बराच वेळ झाला होता आणि आतले कपडे तापल्या पिंपाच्या बुडाशी बोळा होऊन पडले होते.

आधी सदरा निघाला. बाह्या दोन बोटं वर गेल्या होत्या, त्याचं तिला काही वाटलं नाही. मग विजार निघाली, तिच्यावर शेकडो बारीक चुण्या. झटकल्या, हातानं चोळल्या, पण हलायचं नाव नाही. मोजे विजारीला असे चिकटले होते की ओढताना चटचट आवाज झाला आणि तिच्या हातावरचे केस उभे राहिले. गुडघ्याची पट्टी ओढली तर ती ताणली गेली आणि तशीच लांब राहिली, माघारी आलीच नाही. सगळ्यात खाली जर्सी होती.

बनुबाईला आधी वाटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी आहे. एवढीशी, दहा-बारा वर्षांच्या पोराला यावी एवढी. जाड, घट्ट, फळीसारखी. टाके कुठले ते दिसेनात. निळा काठ आणि राखाडी अंग एकमेकांत मिसळून गेलेलं. तिनं दोन्ही हातांनी ती ताणून पाहिली. ती ताणलीच जाईना. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली.

आकारामतात्यांनी पाहिलं आणि हातातली चादर खाली ठेवली. ऐन उमेदीतली वर्षं त्यांनी मुंबईला कापडाच्या गिरणीत काढली होती.

"हे ह्यात कशाला घातलंस, बनुबाई?"

"जुनी हाय म्हनून घातली, तात्या. जुनं आटत न्हाई न्हवं? आपल्या चादरी..."

"चादर सुताची. सुताचं निराळं हाय." तात्या तिच्याशेजारी उकिडवे बसले. "मागावर सूत लय तानून धरत्यात. वर खळ, वर इस्त्री, कापड मारून-मुटकून लांब केल्यालं असतंया. ते पान्यात गेलं, ढोलात हिसकं खाल्लं, की धागा सैल पडतो आन् आपल्या मूळच्या जागंवर येतो. एकदा आला की झालं, मग आटायचं कामच न्हाई. म्हनून जुनी चादर आटत न्हाई. आन् आटलेली बी जरा दमट करून दोघींनी वडली, वर इस्त्री फिरवली, की पुन्ना थोडी लांब व्हती. करतेस का न्हाईस रोज?"

"मंग ही बी दमट करून वडू."

"लोकरीचं तसं न्हाई, बाई." तात्यांनी जर्सी उलटीपालटी केली. "आमच्या गिरनीत लोकर नव्हती, मला सगळं ठावं न्हाई. पर एवढं ठावं हाय, की लोकर ओली असताना ऊब लावून आपटली की तंतू तंतूत घुसतो. आन् दर बारीला घुसतो. नवी-जुनी असं काय नसतंया तिला. तू इतकी वर्सं गार पान्यात हळू दाबून काढलीस, आपटली न्हाईस, म्हनून ती टिकली."

बनुबाईनं तरी ती गरम पाण्यात भिजवली आणि तात्यांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी जीव खाऊन ओढली. अंगठ्याच्या पेराएवढी लांब झाली असेल नसेल. सोडली की तात्या नुसती मान हलवायचे. मग त्यांनी निदान विजारीचं तरी बघू म्हणून ओलं फडकं वर टाकून बेताच्या इस्त्रीनं ती दाबली, तेव्हा बहुतेक चुण्या मोडल्या. हे नव्या तऱ्हेचं कापड तापलं की मऊ पडतं आणि ज्या घडीत थंड होईल ती घडी धरून बसतं, म्हणून परत तापवूनच ते सोडवावं लागतं, असं ते म्हणाले. थांबल्या ढोलात बोळा पडू दिला नसता तर चुण्या बसल्याच नसत्या. पट्टी मात्र त्यांनी सरळ केराच्या डब्यात टाकली. रबर भाजलं, त्यातली ओढ गेली, त्याला औषध नाही. बनुबाईचं त्यातल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं चंद्राचा चेहरा होता.

"उद्या पोरगी येनार हाय बापाला बघायला," ती म्हणाली.

तात्या मग आवाज खाली आणून म्हणाले, "गठ्ठ्यात गेली, हरवली म्हन. हितं काय कमी हरवतंया? मी बी तसंच सांगंन."

बनुबाईच्या मनानं ते झटकन उचललं, हे नाकारण्यात अर्थ नाही. हरवलेल्या वस्तूवर माणूस रडतं आणि गप्प बसतं. असली आक्रसलेली वस्तू हातात दिली तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघतं. सवतीच्या हातची एकुलती एक खूण, आणि ती नेमकी हिच्या हातून अशी व्हावी. गावातली शेंबडी पोरं सुद्धा त्याचा अर्थ लावतील. जर्सी पदराखाली धरून ती वॉर्डात गेली तेव्हा तिचं काहीच ठरलेलं नव्हतं.

"वाळली का गं?" मानसिंगनं विचारलं.

तिला खोटं बोलवेना. तिनं पदर बाजूला केला. मानसिंगनं जर्सी हातात घेतली, छातीवर धरून बघितली. बाह्या त्याच्या कोपरापर्यंतही पोचेनात. तो हसायला लागला आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबला तेव्हा तो हसत नव्हता. बराच वेळ तो त्या निळ्या काठावरून अंगठा फिरवत राहिला.

"म्या मुद्दाम न्हाई केलं," बनुबाई म्हणाली.

"खुळी का काय तू? कोन म्हनतंय?" त्यानं तिचा हात ओढून आपल्या खाटेवर ठेवून घेतला. "मी कुडकुडत व्हतो म्हनून तू घाई केलीस. मला ठावं न्हाई व्हय?" मग छताकडं बघत तो म्हणाला, "चंद्राला मी सांगतो. म्हनंन, माज्याच हातनं झालं. बापावर किती दीस रागावंल?"

एवढ्या आजारात हा माणूस आपल्यावर पांघरूण घालायला बघतोय, हे बघून बनुबाईला भडभडून आलं. तिनं पेटीतून आपली शाल काढली आणि त्याच्या छातीवर दुहेरी करून घातली. तपकिरी लोकरीची मऊ शाल, लग्नातच त्यानं पठाणकोटहून आणलेली. विटेल म्हणून तिनं ती उभ्या आयुष्यात दोन-चारदाच वापरली होती. त्या उबेत मानसिंगला झोप लागली आणि बनुबाई जर्सी मांडीवर घेऊन बसून राहिली. तिनं ठरवलं, की सांगायचं ते आपणच सांगायचं. नवऱ्यानं खोटं बोलून आपल्याला वाचवलं तर उरलेला जन्म त्या पोरीकडं बघताना मान खाली घालावी लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रा एस.टी.नं आली. बापाजवळ बसली, त्याच्या पायांना तेल लावलं, माणात पाऊस किती पडला आणि मेंढरं कुठवर गेली ते सांगितलं. मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "आबा, जर्सी कुटं हाय? ह्या थंडीत शाल घेऊन काय बसलाय?"

मानसिंगनं तोंड उघडलं, पण बनुबाईनं त्याला बोलू दिलं नाही. "चंद्रा, जरा भाईर ये," ती म्हणाली आणि पोरीला व्हरांड्यात घेऊन गेली. जर्सी तिच्या हातात दिली आणि जे झालं ते सगळं एका दमात सांगितलं. वांती झाली, थंडी वाजत होती, धुतली, ढोलात वाळवली, अशी निघाली.

चंद्रानं जर्सी दोन्ही हातांत धरली. ती मेंढरांच्या मुलखातली पोर. तिनं कापडाला नुसता अंगठा लावला आणि तिला कळलं.

"ह्याचा बुरणूस झालाय," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "आमच्याकडं पांघरायला जाड बुरणूस करत्यात, मावशी. मी बघितलंय. लोकर पसरायची, कडत पानी मारायचं, साबन लावायचा आन् पायानं तुडवून मळायची. गडी घामाघूम हुस्तवर तुडवत्यात, तवा कुटं ती अशी बसती. गवताचं कुसळ कसं लुगड्यात शिरलं की फुडं फुडंच जातं, मागं येत न्हाई? लोकरीला तसलीच बारीक खवलं असत्यात. मळलं की एकात एक फुडं सरकत्यात आन् आडकत्यात. वाळवून अशी हुईत न्हाई लोकर. कुनीतरी मळल्याबिगर हुईत न्हाई."

बनुबाईला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तरी चंद्रा बोलली.

"तुमी आईची जर्सी मळलीसा, मावशी."

हे पोरगी रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हे अगदी खचून म्हणाली. इतकी वर्षं जपून जपून जवळ आलेलं माणूस समोर उभं असताना मागं मागं जाताना दिसावं तसं बनुबाईला दिसलं. शपथ घ्यावी तर शपथेला काय किंमत? सगळ्याच सावत्र आया शपथा घेतात. आणि पोरीचं चुकलं तरी कुठं होतं? तिनं आयुष्यात वाळवणं म्हणून बघितलं होतं ते दोरीवरचं. दोरीवर लोकर कशाला आटेल?

बनुबाई वॉर्डात गेली. मानसिंगला लाल ब्लँकेट नीट पांघरलं आणि त्याच्या छातीवरची आपली शाल काढून घेतली. "चल," ती चंद्राला म्हणाली, "वाळवत्यात कसं ते बघ."

धुण्याच्या खोलीत आकारामतात्या चादरींच्या घड्या करत होते. दोघींची तोंडं बघून ते भिंतीकडं सरकले. बनुबाईनं शाल साबणाच्या पाण्यात बुचकळली, पिळायच्या यंत्रात घातली, काढली. तात्यांना तेव्हा उमगलं.

"बनुबाई, आगं ती तुजी..."

"र्‍हाऊ द्या, तात्या."

तिनं शाल ढोलात टाकली, दार लावलं, कळ दाबली. पिंप घरघरलं आणि फिरायला लागलं. काचेतून दिसत होतं. तपकिरी शाल कडेकडेनं वर चढली आणि माथ्यावरून धपकन खाली आपटली. परत चढली, परत आपटली. मागून कढत हवा लागत होती, काचेवर आतून वाफ धरत होती. ऊब, ओल, साबणाचा अंश आणि वरून मार. कुणाचा पाय लागत नव्हता, पण तुडवणं मात्र एका लयीत, न दमता चाललं होतं.

चंद्रा काचेला कपाळ लावून उभी होती. आपली माणसं ऊर फुटेस्तोवर जे काम करतात ते तिच्या डोळ्यांदेखत हे लोखंडी पिंप करत होतं. बनुबाई तिच्याकडं बघत नव्हती. ती शालीकडंही बघत नव्हती. ती दोन्ही हात पोटाशी धरून जमिनीकडं बघत होती, आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. शालीपायी रडत होती की पोरीपायी, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"ही शाल आबांनी दिल्याली न्हवं तुमाला?" चंद्रानं एकाएकी विचारलं.

"व्हय. लग्नात."

ढोल आणखी थोडा फिरला.

"तात्या, हे थांबतंय कसं?" चंद्रा म्हणाली. तात्यांचा हात कळेकडं जाईपर्यंत तिनं दाराची मूठच खेचली. दार उघडलं तसा ढोल थांबला आणि कढत वाफेचा भपका दोघींच्या तोंडावर आला. चंद्रानं आत हात घालून शाल ओढून काढली. अजून ओली होती. एका अंगाला जरा दाट झाली होती आणि काठ गोळा होऊन आले होते, पण वीण अजून दिसत होती.

"आता सोड, पोरी, बघितलंस न्हवं," बनुबाई म्हणाली. "पुरं हू दे. तुज्या मनात पुन्ना काय र्‍हायला नगं."

चंद्रानं शाल उराशी धरली होती, तिचं पोलकं पुढून भिजून गेलं होतं. "आईच्या हातचं एक गेलं, मावशी," ती म्हणाली. "आता आबांनी तुमाला दिल्यालं मी घालवू व्हय? आन् मंग मी कुनाची र्‍हाऊ?"

 चंद्रानंच इस्त्रीच्या लांब मेजावर कोरडी चादर अंथरली आणि तिच्यावर शाल पसरली.

"अजून ओली हाय तवर हुईल," ती म्हणाली. "लय बसली न्हाई अजून. त्या टोकाला धरा. हिसका द्यायचा न्हाई."

बनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पलीकडची दोन टोकं धरली. दोघी हळूहळू ओढू लागल्या, थोडं इकडं, थोडं तिकडं. जिथं काठ गोळा झाला होता तिथं चंद्रा तळव्यानं दाबून दाबून तो सरळ करत होती. मधेच तिच्या डोळ्यांतलं पाणी शालीवर पडलं, पण ती ओढत राहिली. तात्यांनी बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

शाल पहिल्याएवढी झाली नाही. चार बोटं कमीच राहिली, आणि एक अंग जरा जाडसर. दोघींनी ती तशीच सपाट ठेवली, वारा लागावा म्हणून खिडकी उघडली आणि मेजाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"कवा वाळंल?" बनुबाईनं विचारलं.

"ह्या झडीत दोन दीस तरी लागत्याल," चंद्रा म्हणाली. "लागू द्या. मी हाय न्हवं हितंच." आणि तिनं मेजावरून हात लांब करून बनुबाईचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत चोळायला घेतला.